घर बंद, समन्स परत

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि ‘नावात बदल’ यांच्या मध्ये, बारीक टाइपातली एक चौकट असते. वर ‘जाहीर समन्स’ असं लिहिलेलं. खाली ‘मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे कोर्टात’, मग दाव्याचा नंबर, वादीचं नाव, प्रतिवादीचं नाव, आणि त्यानंतर ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ अशा वळणाची दोन-तीन लांबलचक वाक्यं. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता हजर राहा, कसूर केल्यास तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल होईल. शेवटी ‘हुकुमावरून’ आणि कोर्टाचा शिक्का. हजारो लोकांच्या हातात जाणारा हा मजकूर खरं तर एकाच माणसासाठी छापलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्या हजारोंप्रमाणे तोही तो वाचत नाही.

तरीही कायदा म्हणतो की ही चौकट छापून आली म्हणजे समन्स त्या माणसाच्या हातात दिल्यासारखंच झालं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ५, नियम २० मध्ये ही सोय आहे. पुस्तकी मराठीत तिला पर्यायी बजावणी म्हणतात, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात सरळ ‘पेपर पब्लिकेशन’.

तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला दर महिन्यात एखादा पक्षकार तरी दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला वैतागून सांगतोच, “साहेब, देऊन टाका की पेपरात. किती दिवस त्या बेलिफाच्या मागं फिरायचं?” त्याचा वैताग खोटा नसतो. पण जाहिरात देणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. तिच्या आधी काय केलं आणि ते कागदावर कसं आणलं, यावर पुढे हुकूमनामा टिकणार की कोसळणार हे ठरतं. एका प्रकरणावरून सांगतो. तीन-चार फायलींमधल्या गोष्टी एकत्र करून आणि माणसं बदलून मी ते रचलंय, पण यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या फायलीत मी चढलेलो आहे.

निवृत्त शिक्षक. आपण त्यांना गुरुजीच म्हणू. कराडजवळ मलकापुरात त्यांच्या गल्लीत एक टेम्पोवाला भाड्याने राहायचा. टेम्पोच्या इंजिनाचं काम निघालं म्हणून २०२० साली त्याने गुरुजींकडून २ लाख ८० हजार रुपये हातउसने घेतले. रक्कम बँकेतून वळती झालेली, शंभराच्या स्टँपवर लिहून दिलेलं. वर्षभरात परत करायचे होते. वर्ष उलटलं, फोन उचलणं बंद झालं. उसन्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला आम्ही दावा लावला, भत्ता भरला आणि समन्स निघालं. नवख्या वाचकासाठी सांगतो, समन्स बजावण्यासाठी कोर्टात भरायची फी म्हणजे भत्ता. तो न भरल्यामुळे दावा निकाली निघालेलीही माणसं मी पाहिली आहेत.

पहिला बेलिफ रिपोर्ट आला: ‘मौजे मलकापूर येथे जाऊन चौकशी केली असता घरास कुलूप. शेजारी विचारले असता बाहेरगावी गेल्याचे समजले. सबब समन्स परत.’

कुठल्याही कोर्टातल्या कुठल्याही फायलीत हे वाक्य सापडेल. ते वाचून गुरुजींना वाटलं, झालं, आता पेपरात देता येईल. मला त्यात चार भोकं दिसत होती. कुठल्या शेजाऱ्याला विचारलं, त्याचं नाव नाही. घर कोणी दाखवलं, ते नाही. कधी परत येणार, हे विचारलेलंच नाही. शिवाय बेलिफ एकदाच गेला, आणि गेला तो दुपारी बारा वाजता, जेव्हा टेम्पोवाला घरी असायची शक्यता सर्वांत कमी.

इथे कायद्याची रचना समजून घ्यावी लागते. समन्स शक्यतो त्या माणसाच्याच हातात द्यायचं. तो घरी नसेल, लवकर सापडण्याचा संभव नसेल आणि त्याच्या वतीने समन्स घ्यायला नेमलेला कुणी नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या कुठल्याही प्रौढ माणसाकडे द्यायचं. मग ती बायको असो, मुलगा असो की आई. मात्र घरातला नोकर यात धरत नाहीत. त्या माणसाने समन्स घेऊन सही करायचं नाकारलं, किंवा नीट शोधूनही तो सापडला नाही आणि समन्स घेणारं दुसरं कुणी नसलं, तर त्याच्या राहत्या घराच्या दाराला प्रत चिकटवायची. ती कशी चिकटवली, घर कुणी दाखवलं, कुणासमक्ष चिकटवली हे नावा-पत्त्यासह लिहून द्यायचं. सोबतीला पोस्टानेही समन्स जातं. पोष्टाचा शेरा ‘घेण्यास नकार’ असा आला तर कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं आणि पेपरची गरजच उरत नाही. नकाराचा शेरा फायलीत पडलेला असताना उगाच जाहिरातीवर पैसे घालवलेले पक्षकार मला माहीत आहेत.

एवढं सगळं करूनही जमलं नाही, तर नियम २०. न्यायालयाची दोनपैकी एका गोष्टीबद्दल खात्री पटावी लागते. एक तर हा माणूस समन्स चुकवण्यासाठी तोंड लपवतोय, किंवा दुसऱ्या काही कारणाने नेहमीच्या मार्गाने समन्स बजावणं शक्य नाही. ‘खात्री पटणं’ हे शब्द नुसते शोभेचे नाहीत. नागपूरकडच्या जमीन-खरेदीच्या करारावरून झालेल्या एका दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला होता, तोही पेपरात समन्स देऊन. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो हुकूमनामा टिकू दिला नाही. पर्यायी बजावणी हा नेहमीच्या रीतीला अपवाद आहे, आणि न्यायाधीशाने नियमातल्या अटींचा विचार केलेला त्याच्या आदेशातच दिसला पाहिजे, असं त्या निकालात सांगितलं आहे. तेव्हापासून आमच्याकडे चांगले न्यायाधीश अशा अर्जावर नुसतं ‘मंजूर’ लिहीत नाहीत, आणि शहाणे वकीलही त्यांना तसं लिहू देत नाहीत.

तर मी नव्याने समन्स काढून घेतलं. यालाही घाई असते, कारण समन्स न बजावता परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही तर प्रतिवादीपुरता दावा काढून टाकायची तरतूद आहे. (ती नेहमीच काटेकोर पाळली जाते असं नाही, पण भरवशाची म्हैस म्हणून तिच्यावर विसंबू नये.) या वेळी गुरुजींना सांगितलं, “तुम्ही बेलिफाबरोबर जा. संध्याकाळी सात-साडेसातला. घर दाखवायला तुम्हीच.”

गेले तर घर रिकामं. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा. त्याने सांगितलं, मे महिन्यात घर सोडलं, पत्ता ठेवलेला नाही, दोन महिन्यांचं भाडंही बाकी आहे. बेलिफाने घरमालकाचं नाव आणि वय लिहून घेतलं, त्याची सही घेतली. रजिस्टर पोस्टाचं पाकीट ‘लेफ्ट’ शेऱ्यानिशी परत आलं.

आता इथे एक गंमत आहे. बेलिफाने त्या रिकाम्या घराच्या दाराला समन्स चिकटवलं असतं तर त्याला किंमत शून्य, कारण दाराला चिकटवायचं ते प्रतिवादी राहतो त्या घराच्या, सोडलेल्या नव्हे. पण तोच कागद, त्याच दाराला, नियम २० खाली न्यायालयाचा आदेश घेऊन चिकटवला की कायदेशीर बजावणी होते, कारण त्या नियमात ‘शेवटचं माहीत असलेलं घर’ चालतं. दोन्ही वेळी दार तेच आणि गोंदही तोच. मधे फक्त न्यायाधीशाचा आदेश आला. पक्षकारांना हा फरक समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते.

घर सोडलं म्हणजे तो चुकवतोय असं लगेच होत नाही. लोक भाडं परवडत नाही म्हणूनही घर सोडतात. पण गुरुजींकडे आणखी दोन गोष्टी होत्या. टेम्पो अजून आठवड्यातून दोनदा मार्केट यार्डात भाजी उतरवायला येत होता. बेलिफ तिथे गेला. टेम्पोचा नंबर जुळला, ड्रायव्हरला नाव विचारलं, तर त्याने तो मी नव्हेच करून गाडीला चावी दिली आणि निघून गेला. बेलिफाने तारीख, वेळ, गाडी नंबर आणि शेजारच्या दोन हमालांची नावं लिहून रिपोर्ट दिला. रिपोर्ट प्रतिज्ञेवर होता. दुसरी गोष्ट म्हणजे गुरुजींच्या मोबाईलवरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: “गुरुजी समन्स घ्यायला मी खुळा नाय. तुमच्या कोर्टाला म्हणावं शोध.”

मी तो मेसेज दोनदा वाचला. वकिलाला पक्षकाराने आणलेल्या मिठाईपेक्षा असा मेसेज जास्त गोड लागतो. त्याची छापील प्रत आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडून ठेवलं.

मग अर्ज लिहायला बसलो. अर्जाचा मजकूर मोठा नसतो, पण सोबतच्या प्रतिज्ञापत्रात सगळा जीव असतो. कुठल्या तारखेला समन्स निघालं, कुठल्या पत्त्यावर, काय शेरा आला. पोस्टाचं काय झालं. वादीने स्वतः काय शोध घेतला. प्रतिवादी शेवटी कुठे राहत होता, काय धंदा करत होता. तो चुकवतोय असं कशावरून. आणि कुठलं दैनिक त्या भागात येतं. ‘प्रतिवादी जाणूनबुजून समन्स टाळत आहे’ एवढं एक वाक्य टाकून भागत नाही. त्याच्यामागे घटना लागतात.

लिहिता लिहिता मी गुरुजींना विचारलं, “त्याचा आणखी कुठला पत्ता तुम्हाला माहीत आहे का?”

गुरुजी जरा थांबले. “बहीण आहे चाकणला. पण तिथं कशाला पाठवायचं? तो कराडचाच माणूस.”

“चाकणचा पत्ता तुमच्याकडे आहे?”

“आहे. पण साहेब, आणखी दोन महिने जातील. आणि तिकडच्या पेपरातबी द्यायला लावतील. डबल खर्च.”

अशी असंख्य प्रकरणं इथेच बिघडतात. वादीला दुसरा पत्ता माहीत असतो, पण तो सांगत नाही. घाई असते, खर्च वाचवायचा असतो, आणि काही वेळा सरळ लबाडी असते, कारण एकतर्फी निकाल सोपा पडतो. माहीत असलेला पत्ता दडवून घेतलेल्या पेपर पब्लिकेशनला पुढे कुठलंही कोर्ट जवळ करत नाही, आणि शपथेवर खोटं लिहिल्याचं वेगळं लचांड मागे लागतं. मी गुरुजींना सांगितलं, चाकणला पाठवल्याशिवाय मी अर्ज टाकणार नाही. नाराज झाले, पण पाठवलं.

चाकण खेड तालुक्यात. आपल्या कोर्टाच्या हद्दीबाहेर, त्यामुळे समन्स खेडच्या कोर्टामार्फत बजावायचं, आणि जोडीला रजिस्टर पोस्ट. खेडच्या बेलिफाने लिहिलं की बहिणीच्या नवऱ्याने सांगितलं, मेहुणा अधूनमधून येतो, इथे राहत नाही. पोस्टाचं पाकीट ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. आता आमच्या हातात दोन ठिकाणचे चार कागद होते आणि प्रत्येकावर कुणाची ना कुणाची सही.

अर्ज सुनावणीला आला. न्यायाधीशांनी घरमालकाचा जबाब आणि मार्केट यार्डचा रिपोर्ट वाचला, व्हॉट्सअ‍ॅपवर किंचित भुवई उंचावली, आणि कारणांसह आदेश दिला: कोर्टाच्या नोटीस बोर्डावर प्रत लावावी, मलकापूरच्या घराच्या दर्शनी भागावर लावावी, आणि कराड भागात खपणाऱ्या दैनिकात जाहीर समन्स द्यावं. आमच्या विनंतीवरून पुणे जिल्ह्यात खपणारं एक दैनिकही त्यात आलं.

पेपरची निवड ही वाचकाने नीट समजून घ्यावी अशी गोष्ट आहे. नियम २० च्या मूळ मजकुरात वर्तमानपत्राचा शब्दच नाही. त्यात नोटीस बोर्ड आहे, घराचं दार आहे, ‘किंवा न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य रीत’ आहे. जाहिरात त्या ‘अन्य रीती’त बसते. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने पोटनियम घालून सांगितलं की पेपरात द्यायचं ठरलं तर तो दैनिक असावा, आणि प्रतिवादी शेवटी जिथे प्रत्यक्ष आणि स्वखुशीने राहत होता, धंदा किंवा कामधंदा करत होता त्या भागात तो येत असावा. म्हणजे साप्ताहिक चालत नाही. आणि स्वस्त पडतं म्हणून निवडलेला, कोर्टाच्या फायलींबाहेर कुणाच्या घरात न सापडणारा पेपरही नको. कराडच्या माणसासाठी मुंबई आवृत्तीत दिलेली जाहिरात वायाच. उलट, योग्य पेपर निवडला तर ‘मी तो पेपर वाचत नाही’ ही तक्रार चालत नाही. बँकेच्या कर्जवसुलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केलं. त्या भागात पेपर येतो, एवढं पुरे. तो घरात घेतला की चहावाल्याकडे चाळला, याची चौकशी होत नाही.

आदेशानंतर कामाचा किचकट भाग. जाहीर समन्सचा मसुदा आपण करून द्यायचा, ऑफिस तो तपासतं, सही-शिक्का होतो, मग पेपरकडे जातो. बिल वादीने भरायचं. यात तारखेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच हातून एकदा जाहिरात छापून आली १४ तारखेला आणि हजर राहायची तारीख होती १२. झालेल्या तारखेला कोण हजर राहणार? सगळं पुन्हा करावं लागलं, दुसऱ्यांदाचं बिल मी माझ्या खिशातून भरलं आणि बरेच दिवस पक्षकाराच्या नजरेला नजर दिली नाही. प्रतिवादीला हजर व्हायला पुरेसा वेळ मिळेल अशी तारीख न्यायालयाने ठरवावी असं नियमच सांगतो. नाव आणि पत्ता दाव्यातल्यासारखाच अक्षरशः छापला पाहिजे. छापून आल्यावर कात्रण नाही, पेपरचं पूर्ण पान दाखल करायचं, म्हणजे वरची तारीख आणि आवृत्ती दिसते. सोबत बिल, आणि घराला प्रत लावल्याचा बेलिफाचा पंचनामा.

मी गुरुजींना आणखी एक करायला सांगितलं. छापून आलेल्या चौकटीचा फोटो त्याच नंबरवर पाठवा, ज्यावर तो ‘खुळा नाय’ म्हणाला होता. ही काही कायद्यात लिहिलेली पायरी नाही. पण पाठवा. गुरुजींनी पाठवला. संध्याकाळी दोन निळ्या टिका आल्या. उत्तर काही आलं नाही. (याच निळ्या टिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका वसुलीच्या प्रकरणात नोटीस पोचली असं धरलं होतं, तेव्हा पेपरांत त्याची बरीच चर्चा झाली होती.)

तारखेला पुकारा झाला, कुणी नाही. बजावणी झाली असं न्यायालयाने नोंदवलं. कैफियत द्यायला बजावणीपासून तीस दिवस असतात, त्यानंतरही कुणी आलं नाही, आणि ‘एकतर्फी चालवावा’ असा हुकूम झाला. एकतर्फी म्हणजे आपोआप जिंकलं असं नव्हे. गुरुजींना प्रतिज्ञापत्र देऊन, बँकेचा उतारा आणि स्टँप दाखल करून पैसे दिल्याचं सिद्ध करावंच लागलं. मार्च २०२३ मध्ये हुकूमनामा झाला.

सामान्य माणसाला वाटतं, आता गोष्ट संपली. पेपर पब्लिकेशनच्या फायलीत गोष्ट इथे सुरू होते.

नोव्हेंबरमध्ये दरखास्त लावून आम्ही टेम्पोवाल्याचं बँक खातं जप्त करवलं. तेव्हा माणूस प्रकट झाला. नवीन वकील, आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज. अर्जात म्हटलं होतं, मला समन्स मिळालंच नाही. मी पेपर वाचत नाही. मी तेव्हा चाकणला बहिणीकडे राहत होतो, आणि हे वादीला पुरेपूर माहीत होतं.

गुरुजी धावत आले. “साहेब, मार्चचा निकाल, आणि हा डिसेंबरला उठतोय. मुदत गेली ना?”

गेली नव्हती. कायद्यातली एक बारीक अक्षरांतली गोष्ट इथे कामाला येते आणि पुष्कळ वकिलांनाही ती ऐन वेळी आठवत नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत तीस दिवसांची. ती एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजायची, पण समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. आणि मुदतीच्या कायद्याच्या १२३ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलंय की या अनुच्छेदापुरती नियम २० खालची पर्यायी बजावणी रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे एका कायद्यात तीच जाहिरात प्रत्यक्ष हातात दिल्याइतकी परिणामकारक, आणि दुसऱ्या कायद्यात मुदत मोजताना ती झालीच नाही असं समजायचं. परस्परविरोध वाटतो, पण मला यात शहाणपण दिसतं. पेपरात छापलं म्हणून माणसाने वाचलं, ही मान्यता कायद्याने वादीचं काम अडू नये म्हणून केली. न वाचलेल्या माणसाला दार कायमचं बंद होऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवली. खातं गोठल्यावर मला कळलं असं तो म्हणत होता आणि त्यापासून तीस दिवसांच्या आत तो आला होता. त्याचा अर्ज मुदतीत होता.

पण मुदतीत येणं आणि जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी. हुकूमनामा रद्द व्हायला त्याला दाखवावं लागतं की समन्स रीतसर बजावलंच नव्हतं, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं. आणि बजावणीत काही अनियमितता असली तरी, त्याला तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता असं न्यायालयाला पटलं, तर नुसत्या त्या अनियमिततेवर हुकूमनामा रद्द होत नाही.

(एवढं वाचून एखाद्याला आपलंच नाव त्या चौकटीत दिसलं, तर कोर्टात हजर व्हावं, बजावणी चुकीची झाली असली तरी. एकतर्फी हुकूम झाला असेल पण दावा अजून चालू असेल, तर न येण्याचं सबळ कारण दाखवून तो हुकूम उठवून घेता येतो. हुकूमनामा झाल्यावर हेच काम दसपट अवघड होतं.)

टेम्पोवाला पिंजऱ्यात उभा राहिला. मी त्याला मार्केट यार्डबद्दल विचारलं. गाडी माझीच, पण त्या दिवशी ड्रायव्हर वेगळा होता म्हणाला. मोबाईल नंबर त्याचाच. मेसेज कुणी पाठवला आठवत नाही. पेपरच्या चौकटीचा फोटो? “येतात फोटो रोज, सगळे कोण बघतंय.”

मग त्याच्या वकिलांनी आपला हुकमी मुद्दा मांडला. माझ्या अशिलाचा चाकणचा पत्ता वादीला ठाऊक होता, तरी तो लपवून त्यांनी कराडच्या पेपरात जाहिरात दिली, ही न्यायालयाची दिशाभूल आहे. आवाज चांगलाच चढला होता. मी उठलो, मूळ दाव्याची फाइल मागितली आणि निशाणी टाकलेले दोन कागद न्यायाधीशांसमोर ठेवले. एक खेडच्या बेलिफाचा रिपोर्ट, खाली बहिणीच्या नवऱ्याची इंग्रजी सही. दुसरं रजिस्टरचं पाकीट, चाकणच्या पत्त्याचं, न फोडलेलं, पाठीमागे पोस्टमनचा निळ्या शाईतला शेरा: ‘सदर पत्त्यावर राहत नाही.’ शिवाय पुणे जिल्ह्यात खपणाऱ्या पेपरचं पूर्ण पान.

न्यायाधीशांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि टेम्पोवाल्याला विचारलं, “मेहुणे म्हणतात इथे राहत नाही, पोस्ट म्हणतं इथे राहत नाही. मग तुम्ही राहत कुठे होतात?”

तो वकिलांकडे बघत राहिला. अर्ज फेटाळला गेला. खात्यात ४१ हजार रुपये निघाले. बाकीच्यासाठी गुरुजी अजून दर तारखेला येतात, आणि कोर्टाबाहेर चहा घेताना त्या दुसऱ्या जाहिरातीच्या बिलाचा विषय आता काढत नाहीत.